ग्रिलमधली कोथिंबीर

(छोट्या व्हिडिओची संहिता. जागा: मीरा रोडच्या इमारतीतलं स्वयंपाकघर, पूर्वेची खिडकी, बाहेर लोखंडी ग्रिल. महिना: ऑक्टोबरचा शेवट, पाऊस पुरता उघडल्यावर. निवेदक स्वतः कुंडी भरतो आहे.)

दृश्य १. खिडकी. सकाळची तिरपी उन्हं ग्रिलमधून आत आली आहेत.

निवेदक: आज दोनच गोष्टी लावू, कोथिंबीर आणि पुदिना. रोजमेरी, थाईम, बेसिलची पाकिटं नर्सरीत छान दिसतात, पण आपल्या आमटीत आणि चटणीत काय पडतं, ते आधी पिकवू. कुंडी आणायच्या आधी एक काम करा. सुट्टीच्या दिवशी तासातासाने खिडकीकडे बघा आणि ऊन किती वेळ थेट पडतं ते लिहून ठेवा. आपल्याकडे इमारती इतक्या जवळजवळ आहेत की पूर्वेच्या खिडकीतलंही ऊन बाजूच्या विंगमुळे दहा-साडेदहाला गायब होतं. कोथिंबिरीला थेट ऊन किमान चार तास तरी लागतं. पुदिना तीन तासांतही भागवतो. उत्तरेच्या खिडकीत कोथिंबीर उगवते खरी, पण दोऱ्यासारखी लांब वाढून आडवी पडते. तशी खिडकी असेल तर सरळ पुदिना लावा.

दृश्य २. जवळून: कुंडीचा तळ. बोट भोकातून आरपार.

निवेदक: ही प्लास्टिकची १० इंची कुंडी. खोली ७ ते ८ इंच हवी, कारण कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं. उथळ ट्रेमध्ये ती लवकर फुलावर येते आणि पानं देणं थांबवते. तळाला चार-पाच भोकं हवीत. आइस्क्रीमचा डबा वापरत असाल तर खिळा तापवून पाडा, बोळा घालून बंद करू नका.

आता माती. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. नुसत्या लाल मातीत लावायचा मोह होतो, पण आठवडाभर पाणी घातलं की ती विटेसारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

कोकोपीटची वीट थेट मिसळू नका. नारळाच्या काथ्यात मीठ राहिलेलं असू शकतं. ती बादलीत भिजवा, फुगू द्या, जुन्या ओढणीत घालून पिळा, परत पाणी घाला, परत पिळा. दोन-तीनदा. पाण्याचा रंग फिकट झाला की पुरे.

मीठ म्हटलं की पाण्याचंही सांगतो. नळाचं पाणी चालतं. पण काही सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी मिसळतात, आणि खाडीच्या आणि मिठागरांच्या आसपासचं बोअरवेलचं पाणी खारट असू शकतं. ओळखायचं कसं? मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. तसं झालं तर कुंडी मोरीत ठेवा आणि बोअरवेलचं न मिसळलेलं गोडं पाणी तळातून वाहून जाईपर्यंत सावकाश घाला. नंतर बोअरवेलचं पाणी झाडांना देऊ नका.

दृश्य ३. जवळून: पोळपाटावर धणे, त्यावरून लाटणं फिरतं आहे. एक धणा उघडून दोन दलं दिसतात.

निवेदक: आता मुख्य काम. हे बघा. आपण ज्याला एक धणा म्हणतो, त्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर तो उशिरा आणि विरळ उगवतो, कारण वरचं टरफल कठीण असतं. म्हणून लाटण्याने हलकं रगडायचं, दोन दलं सुटी झाली की थांबायचं. शेतकरी चपलेच्या तळव्याने रगडतात, तत्त्व तेच. जोर जास्त लागला तर भुगा होतो आणि तो उगवत नाही.

धणे कुठले घ्यायचे? डब्यातले वर्षभराचे नकोत, भाजलेले तर अजिबात नकोत, ते मेलेले असतात. वाण्याकडून नवे, हिरवट पिवळे धणे घ्या. शंका असेल तर दहा फाका ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा दिवसांत सहा-सातांना कोंब आले तर तेच धणे चालतील.

फोडलेले धणे रात्रभर, आठ ते दहा तास भिजवा. सकाळी पाणी ओतून द्या आणि कापडावर अर्धा तास पसरा, म्हणजे हाताला चिकटणार नाहीत.

१० इंची कुंडीला एक लहान चमचा धणे पुरतात. दोन चमचे घातले तर झुपका उगवतो, हवा खेळत नाही आणि रोपं कुजतात. मातीचा वरचा थर हाताने सपाट करा, बिया मोकळ्या पसरा, त्यावर अर्धा इंच माती भुरभुरा आणि तळहाताने हलकं दाबा. पाणी झारीने द्या. झारी नसेल तर बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडा. धार सोडलीत तर सगळ्या बिया एका कोपऱ्यात जमतील.

वर ओलं वर्तमानपत्र झाका. पण सहाव्या दिवसापासून रोज उचलून बघा, आणि पहिला हिरवा ठिपका दिसला की काढून टाका. एक दिवस जरी जास्त झाकलंत तरी रोपं उजेडासाठी ताणली जातात. उगवायला सात ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे बरेच असतात. तसं करू नका.

दृश्य ४. एका रोपाचा बुंधा मातीलगत बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला. शेजारी धडधाकट रोप.

निवेदक: हे नीट बघा. रोप आडवं पडलंय, पानं अजून हिरवी आहेत, पण मातीलगतचा देठ दोऱ्याइतका बारीक झालाय. हा मर रोग. जमिनीतली बुरशी आहे आणि तिला ओल आणि दाटी लागते. इथे आपण सगळे एकच चूक करतो: रोप पडलं की तहानलेलं समजून पाणी घालतो. झालं, शेजारची दहाही जातात. पडलेली रोपं मुळासकट उपटून टाका, पाणी दोन दिवस बंद करा आणि कुंडी वाऱ्याला सरकवा. म्हणूनच जून ते सप्टेंबर कोथिंबीर पेरू नका असं मी सांगतो. खाडीकडच्या दमट हवेत ग्रिलमधली माती चार-चार दिवस सुकतच नाही.

पाणी कधी द्यायचं? बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घालायचं. कोरडं लागलं तर द्यायचं, ओलं लागलं तर नाही. नोव्हेंबरमध्ये साधारण एक दिवसाआड पुरतं. रोज सकाळी चहासोबत एक तांब्या ओतायची सवय असेल तर ती तुळशीपुरती ठेवा.

दृश्य ५. खिडकीखालून आवाज येतो, कॅमेरा खाली वळतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दिसत नाहीत, आवाज ऐकू येतो.

काकू: अहो, वरचं पाणी माझ्या धुतलेल्या चादरीवर पडतंय हो!

निवेदक: सॉरी काकू, ताटली ठेवतो! (कॅमेऱ्याकडे वळून) ऐकलंत? कुंडीखाली ताटली हवीच. पण पाणी घातल्यावर पंधरा मिनिटांनी ती रिकामी करायची. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो, आणि साधारण आठवड्याभरात त्याची पिल्लं उडायला लागतात. आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करा. नुसतं पाणी ओतून दिलं तर काठाला चिकटलेली अंडी तिथेच राहतात.

दृश्य ६. बाजाराची पिशवी, पुदिन्याची जुडी. ग्लासात देठ.

निवेदक: पुदिन्याचं बियाणं विकत घेऊ नका. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडून जुडी घ्या. जाड, जांभळट देठ निवडा, काळे पडलेले टाका. चार-पाच इंचांचा तुकडा घ्या, जिथून पान फुटतं त्या पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढा, कारण पाण्यात बुडालेलं पान कुजतं. ग्लासात दोन इंच पाणी, खिडकीत पण सावलीत ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच लावा. ग्लासात महिनाभर ठेवलेल्या देठांची मुळं मातीत रुळत नाहीत.

पुदिना आडवा पसरतो, म्हणून त्याला खोल नाही, रुंद कुंडी हवी. पाच-सहा देठ लावा. पाच आठवड्यांनी काढायला सुरुवात करा, पण पानं खुडू नका. देठ वरून कापा, पानांच्या जोडीच्या वर. त्या जोडीतून दोन नवे फुटवे येतात. नुसती पानं ओरबाडली की उघडी काडी उरते, तिच्यावर फारसं काही येत नाही.

चार-पाच महिन्यांनी पुदिना लहान पानांचा आणि पिवळट होतो. खत कमी पडलं म्हणून अजून ओतू नका. कुंडी उलटी करून गड्डा बाहेर काढा. मुळांचं जाळं काठाला गुंडाळलेलं दिसेल. त्यातला निम्मा भाग सुरीने कापा आणि उरलेला नव्या मातीत लावा.

दृश्य ७. चमच्यातला चहाचा चोथा कुंडीकडे जातो. हात मध्येच अडवतो.

निवेदक: हे नको! दूध-साखरेच्या चहाचा चोथा टाकला की मुंग्या येतात आणि वर पांढरी बुरशी धरते. टाकायचाच असेल तर धुऊन, वाळवून, मूठभरच. दर वीस दिवसांनी दोन चमचे गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं की या दोघांना पुरतं.

दृश्य ८. सहा आठवड्यांनंतर. कात्रीने कोथिंबीर कापली जाते.

निवेदक: रोपं पाच-सहा इंचांची झाली. मुळासकट उपटायची नाहीत. बाहेरची मोठी पानं मातीपासून दोन इंच वर कापा, मधला कोवळा कोंब सोडा. दर आठ-दहा दिवसांनी असं दोन-तीनदा मिळतं. एका कुंडीतून घरची आमटी-भाजी सजेल एवढंच, बाजारातली जुडी बंद होईल अशी आशा ठेवू नका. खाडीपलीकडची वसई पालेभाजीसाठी प्रसिद्ध आहे, तिच्याशी आपल्या ग्रिलची स्पर्धा नाही.

आता हे बघा, बडीशेपीसारखी बारीक, दोऱ्यांसारखी पानं. याचा अर्थ रोप फुलायच्या तयारीत आहे. खत घाला, पाणी घाला, ते परत पानांवर येणार नाही. वरची पांढरी फुलं खाता येतात, आणि रोप वाळू दिलं तर स्वतःचे धणे मिळतात.

सतत कोथिंबीर हवी तर दुसऱ्या कुंडीत पंधरा दिवसांनी पेरा, तिसरीत महिन्याने. शेवटची पेरणी जानेवारीच्या अखेरीस. मार्चच्या उन्हात ग्रिलचा पत्रा तापतो आणि कोथिंबीर उगवताच फुलते. तेव्हा पत्र्यावर विटा ठेवा, वर कुंडी ठेवा, आणि त्यात पुदिन्याचा कापलेला अर्धा गड्डा लावा.