नव्याण्णव टक्के पाणी आणि उरलेला एक टक्का

बाळाच्या ढुंगणावर पुरळ उठलं की पहिला संशय आईवर येतो. डायपर वेळेवर बदलत नसेल, नीट पुसत नसेल, तिनं बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. माझी मुलगी ओवी सव्वा महिन्याची होती, तेव्हा हे सगळं मी घरात ऐकलं आणि वाइप्सच्या कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या बाईंकडूनही ऐकलं. त्या फोनचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. पण नुसता राग काढायला नाही. त्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत जे छापलं होतं, ते कसं वाचायचं हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर आमचं पोर इतकं रडलं नसतं.

पाकीट प्रसूतिगृहाच्या भेटपिशवीत मिळालं होतं. उघडताक्षणी सुगंध दरवळला. तान्ह्या बाळाला इतका वास कशाला, असं मी तिथंच सिस्टरना विचारलं. "सगळे हेच वापरतात, मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. घरी आल्यावर नणंदेनं त्याच वाइप्सचा मोठा खोका पाठवला. "वहिनी, कापूस बुडवत कोण बसतं हल्ली?" प्रेमानंच पाठवला होता, तिला मी दोष देत नाही.

आधी गुदद्वाराभोवती लाल कडं दिसलं. मग लाली दोन्ही कुल्ल्यांवर पसरली आणि शेवटी कातडी चकचकीत होऊन सोलवटली. पुसायला हात लावला की ओवी किंचाळायची. कुणी बुरशी म्हणालं, कुणी दात येण्याआधीची उष्णता म्हणालं (सव्वा महिन्याच्या बाळाला!). औषधाच्या दुकानदारानं न विचारता एक मलम पुढं केलं. त्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र होतं. ते मी लावलं नाही आणि त्याबद्दल माझी मीच पाठ थोपटते. डायपरच्या झाकणाखाली स्टेरॉइड कातडीत कितीतरी जास्त शोषलं जातं आणि कोवळी कातडी पातळ होते. असलं मलम डॉक्टरांनी बाळाला तपासून लिहून दिल्याशिवाय घरात आणूही नका.

खरा धागा माझ्याच हाताला सापडला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं खाजत होती, टोकांना भेगा पडल्या होत्या. डावा हात स्वच्छ. भांडी तर मी दोन्ही हातांनी घासते, मग एकाच हाताची तीनच बोटं का? रात्री दिव्याखाली ओवीला बदलताना वाइप पाकिटातून उपसला आणि बघत राहिले. तो नेमका त्याच तीन बोटांच्या चिमटीत होता. मग ओवीकडं पाहिलं. वाइप जिथं जिथं फिरायचा तिथंच लाली होती. दूध पुसायला मी तोच वाइप वापरायची, त्या ओठांच्या कडेलाही थोडी होती. जांघेच्या खोल घडीत मात्र कातडी बरी होती. बुरशी असती तर ती आधी घडीत शिरली असती आणि लालीच्या कडेबाहेर सुट्या लाल पुटकुळ्या दिसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. बाई गोड बोलल्या. उत्पादन त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं आहे, त्यात नव्याण्णव टक्के शुद्ध पाणी आहे, तक्रार करणाऱ्या तुम्हीच पहिल्या, असं सांगून झालं. उरलेल्या एक टक्क्यात काय आहे, असं विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही डायपर वेळेवर बदलत नसाल." मी फोन ठेवला आणि भिंग घेऊन पाकीट वाचायला बसले. यादीत शेवटून तिसरं नाव मेथिलआयसोथायाझोलिनोन होतं आणि सगळ्यात शेवटी परफ्यूम.

त्या एक टक्क्याचा हिशोब मी नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून समजून घेतला. ओलं कापड महिनोन्‌महिने बंद पाकिटात ठेवायचं, तर त्यात जिवाणू आणि बुरशी वाढणारच. म्हणून ओल्या वाइपमध्ये परिरक्षक घालावाच लागतो. जिवाणू वाढले तर काय होतं, तेही दिसलं आहे: 2014 मध्ये अमेरिकेत बर्खोल्डेरिया नावाचा जिवाणू सापडल्यानं वाइप्स बाजारातून परत मागवावे लागले होते. म्हणजे परिरक्षक असणं हा गुन्हा नाही, प्रश्न कुठला आहे याचा आहे. मेथिलआयसोथायाझोलिनोन युरोपात सौंदर्यप्रसाधनांत एकटं वापरायला 2005 मध्ये परवानगी मिळाली, दहा लाख भागांत 100 भाग या मर्यादेपर्यंत. एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार. म्हणजे "नव्याण्णव टक्के पाणी" म्हटल्यावर उरलेल्या जागेत त्या मर्यादेच्या शंभर पट सामान सहज मावतं. आणि ही मर्यादाही पुरली नाही. इतक्या लोकांना ॲलर्जी होऊ लागली, की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं 2013 सालचं ॲलर्जीकारक द्रव्य म्हणून याचीच निवड केली. 2014 मध्ये तिथल्या 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात वाइप्समुळे पुरळ उठलेल्या सहा मुलांची नोंद आली. त्यांच्यावर आधी एक्झिमा, सोरायसिस वगैरे समजून उपचार झाले होते. शेवटी 2017 पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत या द्रव्याला बंदी झाली आणि वाइप्स त्यातच धरले गेले.

"अंगावर राहणारं" हे शब्द नीट लक्षात घ्या. साबणात जे असतं ते धुऊन जातं. वाइपचं पाणी कुणी धूत नाही. ते कातडीवर राहतं आणि त्यावर लगेच डायपरचं झाकण बसतं. तान्ह्या बाळाचं हे दिवसाला आठ-दहा वेळा होतं. त्यात शू आणि शी एकत्र आली की अमोनिया तयार होतो, कातडीचा आम्लपणा कमी होतो, शीमधली पाचक द्रव्यं जोर धरतात आणि कातडीचा वरचा थर कुरतडतात. अशा उघड्या पडलेल्या कातडीतून परिरक्षक आणि सुगंध आत शिरतात.

सुगंधाचं तर आणखी कठीण. "परफ्यूम" या एका नावाखाली पुष्कळ द्रव्यं असू शकतात. लिनालूल, लिमोनिन अशी नावं यादीत सुटी दिसली तर ती सुगंधाचीच आहेत. हवेशी संपर्क आला की त्यांचं रूपांतर होऊन ती जास्त ॲलर्जीकारक बनतात आणि अर्धं वापरलेलं पाकीट तर रोज उघडत असतं. लव्हेंडरच्या नैसर्गिक तेलातही हेच लिनालूल असतं, त्यामुळं "नॅचरल" शब्दानं काही सिद्ध होत नाही. "अनसेंटेड" लिहिलेल्या मालात मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. "फ्रॅग्रन्स फ्री" हे शब्द शोधा आणि तरीही मागची यादी वाचा.

माझी पॅच टेस्ट झाली. पाठीवर पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवायच्या, तोवर पाठ भिजवायची नाही, पट्ट्या काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवशी पुन्हा बघायचं. चौथ्या दिवशी मेथिलआयसोथायाझोलिनोनच्या जागी लाल, टणक चट्टा उठला होता. ही ॲलर्जी उशिरा उठते, लावल्यावर दोन-तीन दिवसांनी, म्हणून "काल तर काही झालं नाही" यावर भरवसा ठेवू नका. एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. मला आता भांडी घासायचा द्रव आणि शाम्पूसुद्धा वाचून घ्यावा लागतो. ओवीची टेस्ट डॉक्टरांनी केली नाही. इतक्या लहान बाळाला ॲलर्जी की नुसती आग, हे ठामपणे सांगता येणार नाही, पण दोन्हींवर उपाय एकच, वाइप बंद, असं त्या म्हणाल्या. बंद केल्यावर कातडी आठवडाभरात भरून आली. त्यानंतर पाहुण्या म्हणून आलेल्या एका मावशींनी माझ्या नकळत जुना खोका उघडला आणि दोन दिवसांत लाली परत आली. यापुढं मला कुणी पुरावा मागू नये.

आता काय करायचं ते. औषधाच्या दुकानात मिळणारा शोषक कापूस घ्या, गादीचा नको. तळहाताएवढे सपाट तुकडे करा. बोळे केले की धागे सुटून घडीत अडकतात. पाणी उकळून कोमट केलेलं, कोपरानं तपासलेलं. कापूस बुडवून हलका पिळा आणि घासू नका, टेकवत पुसा. मुलीला पुढून मागे. प्रत्येक फेरीला नवा तुकडा. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी चिकट शी पाण्यानं निघत नाही, तिथं कापसावर थोडं खोबरेल घ्या. मग मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करा आणि काही मिनिटं मोकळं ठेवा. झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात लावा. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढू नका, वरची घाण तेवढी पुसा. आमच्याकडं बहुतेक नुकसान या खरवडण्यानं वाढलं असतं, सासूबाईंनी वेळीच हात धरला.

त्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतू नका. आपल्याकडं ही सवय फार आहे आणि वाइप टाकून तेच करणार असाल तर काही उपयोग नाही. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, कारण त्यात परिरक्षक नाही. बाहेर जाताना थर्मासमध्ये पाणी आणि डब्यात मलमलचे कोरडे चौकोन न्या. ओले करून नेलेत तर त्याच दिवशी संपवा.

वाइप्स सगळेच वाईट, असं मी म्हणत नाही. मँचेस्टरला 280 तान्ह्या बाळांवर केलेल्या 2012 च्या अभ्यासात एक विशिष्ट, सुगंध नसलेला वाइप कापूस-पाण्याच्या तोडीचा ठरला. अभ्यासाला पैसे वाइप बनवणाऱ्या कंपनीनं दिले होते, हेही तितकंच खरं. रात्री-अपरात्री, प्रवासात तसा वाइप चालेल. पण कातडी आधीच लाल असेल तर कुठलाच नको. आणि घडीत लाली, पू, फोड किंवा ताप दिसला, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडं जा.

पाकिटाची पुढची बाजू विकण्यासाठी असते. मागची यादी वाचा, तिच्यात "थायाझोलिनोन" किंवा "परफ्यूम" दिसलं तर पाकीट दुकानातच ठेवा. आणि कुणाच्या बाळाला पुरळ उठलेलं दिसलं, तर आईला आधी विचारा, पुसतेस कशानं?