फळछाटणीच्या हंगामात औषध घेताना बाटली आणि बिल दोन्ही तपासा

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील खटाव, माण भागातल्या द्राक्षबागांत फळछाटणी सुरू झाली की औषधांची खरेदी वाढते. पोंगा अवस्थेपासून फुलोऱ्यापर्यंत ढगाळ हवा राहिली तर डाऊनी घड जागेवर जिरवतो. या घाईतच बनावट औषध विकणारे गाडी घेऊन थेट बांधावर येतात.

सर्वाधिक धोका ‘शंभर टक्के जैविक’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीचा आहे. वनस्पती अर्क म्हणून घेतलेल्या औषधाने एका रात्रीत थ्रिप्स साफ झाले, तर आनंदापेक्षा शंका आधी यायला हवी. त्यात लेबलवर न लिहिलेले रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असू शकते. निर्यातीच्या नमुन्यात ते सापडले की माल नाकारला जातो, आणि ‘मी ते फवारलेच नाही’ हे सिद्ध करणे बागायतदाराला अवघड होते.

कीटकनाशकाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, घटक व त्याचे टक्के, विषारीपणाचा रंगीत चौकोन असतो. सोबत माहितीपत्रक मिळते. खोका आणि बाटली यांवरचा बॅच नंबर जुळवून पाहा. तारखेवर दुसरी चिकटपट्टी असेल, सील सैल असेल, तर घेऊ नका. मात्र छपाई चांगली म्हणजे माल चांगला, असे नाही. वास, फेस किंवा पाण्यात दुधाळ होणे यावरूनही घटकाचे प्रमाण कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

भाव पाहताना तोच घटक, तेच टक्के, तेवढेच वजन धरून दोन-तीन दुकानांत विचारा. मुदत जवळ आल्याने किंवा कंपनीच्या योजनेमुळे दर थोडा उतरतो. पण नामांकित कंपनीचे औषध निम्म्या दरात, तेही बिलाशिवाय मिळत असेल, तर ते नाकारा. विक्रेत्याचा परवाना पाहा आणि त्या कंपनीचे उगम प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का ते विचारा. प्रामाणिक दुकानदाराला हे दाखवायला अडचण नसते. कच्च्या पावतीवर भागवू नका. पक्क्या बिलावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत लिहून घ्या.

चार बाटल्या घेतल्या आणि पहिलीच्या फवारणीने डाऊनी हटला नाही, तर आधी वेळ, मात्रा आणि पाऊस तपासा, कारण अपयश नेहमी औषधाचेच नसते. तरी शंका उरली तर उरलेल्या तीन फोडू नका. नमुना सीलबंद डब्यातूनच घ्यावा लागतो. उघडलेल्या बाटलीवर पुढे केस टिकत नाही. बिल, रिकामी बाटली आणि न फोडलेला साठा घेऊन तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.