तक्रार वहीत, कारण खळ्यावर

प्रश्न : बैहरला आमची लहान राइस मिल आहे. ‘तांदळात कणी फार’ अशा तक्रारी वहीत लिहितो, पोतं बदलून देतो. तरी तक्रारी थांबत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, बैहर

उत्तर : तुमची वही बहुधा ग्राहकाचं नाव आणि तक्रारीची तारीख सांगते. त्यावरून कारण सापडत नाही. ग्राहक महिन्याभराने बोलतो, तोवर चार ढीग भरडून झालेले असतात. म्हणून प्रत्येक पोत्यावर लॉट क्रमांक टाका. त्या क्रमांकासमोर भरडाईची तारीख, धान कुणाचं, कुठे वाळवलं आणि ओलावा किती, हे लिहा. भरडताना ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास हवा.

महिन्याने तक्रारी लॉटनुसार मांडा. मात्र विकलेल्या पोत्यांशी ताडून पाहा. मोठ्या लॉटच्या तक्रारी जास्त दिसणारच.

समजा, बहुतेक तक्रारी दोनच लॉटच्या निघाल्या. त्या लॉटचं राखून ठेवलेलं मूठभर धान घ्या (नमुना ठेवायची सवय लावाच), शंभर दाणे हाताने सोला आणि उजेडासमोर धरा. आडव्या चिरा दिसल्या, तर दाणा मिलमध्ये येण्याआधीच तडकला होता. कडक उन्हात घाईने वाळवलेलं किंवा वाळल्यावर रात्रीच्या दवात भिजलेलं धान असंच तडकतं. दाणे अखंड असतील, तर रबर रोलमधलं अंतर आणि पॉलिशरचा दाब तपासा. सगळ्याच लॉटमध्ये कणी असेल, तरी आधी यंत्राकडेच बघा.