वाट्याने दिलेली जमीन

समजा, इंदापूरकडे तुमची वडिलार्जित चार एकर जमीन आहे. तुम्ही राहता बारामतीला. जमीन गावातल्या रामभाऊला अर्ध्या वाट्याने कसायला दिलीत. कागद केला. त्यात 'रामभाऊ कूळ नाही' असे लिहिले. झाले का काम? नाही. 1948 चा कुळकायदा नुसता कागद पाहत नाही. जमीन कोण कसतो, त्याला मोबदला कसा मिळतो, हे पाहतो. पिकाचा वाटा घेऊन कसणारा कूळ ठरू शकतो. मग जमीन विकत घेण्याचा हक्कही तो मागेल.

ठरलेल्या रोख मजुरीवर, तुमच्या किंवा घरच्या माणसाच्या देखरेखीखाली राबणारा मात्र मजूर. तसे खरेच असेल, तर मजुरी व मुदत कागदात लिहा. दर वेळी पावती घ्या. बी-खत त्याचे आणि पीकही त्याचे असेल, तर असा कागद टिकायचा नाही. दर हंगामाला सातबारा काढून पाहा. वहिवाट दुसऱ्याच्या नावे लागली असेल, तर तहसीलदाराकडे लेखी हरकत द्या.