वानखेडेवर, अंगात जर्सी : असा फोटो करून घ्यायला किती खर्च येतो?

वडिलांच्या साठीला भेट द्यायची आहे. मुंबईच्या संघाची निळी जर्सी घालून ते वानखेडेवर उभे आहेत, असा फोटो. प्रत्यक्षात ते टीव्हीसमोरून कधी हललेले नाहीत. असं काम बहुतेक फोटो स्टुडिओ घेतात. बारा बाय अठरा इंची फ्रेमसह दीड ते दोन हजारांचं बजेट धरा आणि चार दिवस हाताशी ठेवा. दर गावागणिक बदलतात, त्यामुळे इथले आकडे अंदाजे आहेत. ते घासाघीस करताना आधाराला घ्या.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : "तुम्ही फक्त चेहरा कापून तयार अंगावर लावणार, की आमच्याच माणसाच्या अंगावर जर्सी चढवणार?" पहिला प्रकार शे-दोनशेत आणि पंधरा मिनिटांत होतो. स्टुडिओकडे जर्सीतली तयार अंगं असतात आणि ती बहुधा सडपातळ तरुणाची असतात. साठीच्या माणसाचा चेहरा त्यावर बसवला की मान अचानक बारीक होते, पोट गायब होतं आणि घरचे लोक पाहताक्षणी म्हणतात, हे आपले बाबा नव्हेत. दुसऱ्या प्रकाराला पाचशे ते हजार रुपये पडतात. पैसे घालायचे तर इथेच घाला.

त्याहून महत्त्वाचा आहे तुम्ही नेऊन द्याल तो फोटो. शेजारच्या मुलाकडून खरी जर्सी मागून आणता आली तर तीच घालून फोटो काढा. निम्मं काम तिथेच संपतं, आणि स्टुडिओला "जर्सी आधीच अंगात आहे, फक्त मागचा भाग बदला" असं सांगून दरही कमी करून घ्या. जर्सी मिळाली नाही तर साधा पांढरा, अर्ध्या बाहीचा टी-शर्ट घाला. शर्ट नको, गडद रंगही नको. पांढऱ्या कापडावर सुरकुत्यांच्या सावल्या स्पष्ट उमटतात. एडिटर जर्सीचं डिझाइन वरच्या थरात ठेवतो आणि त्या थराला Multiply लावतो, तेव्हा खालच्या सगळ्या सावल्या निळ्या कापडातून दिसत राहतात. पोटावरचा ताण, काखेतली चुणी, खांद्याचा उतार, सगळं तुमच्याच माणसाचं राहतं. काळ्या टी-शर्टवर हे जमत नाही. तिथे कापड नव्याने रंगवावं लागतं आणि जर्सी पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते.

फोटो काढताना आठ-दहा फूट लांब उभे राहा. फोनमध्ये 2x असेल तर तो वापरा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि हा दोष नंतर कोणी नीट काढू शकत नाही. सेल्फी तर नकोच. काही फोन सेल्फी उलटी साठवतात. मग भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात येतं. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर Document म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो बारीक होतो आणि मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा फुटतो.

स्टेडियमचा फोटो शक्यतो तुमचा किंवा ओळखीच्या कोणाचा घ्या. इंटरनेटवरून उचलू नका. तो बहुधा कोणा छायाचित्रकाराच्या मालकीचा असतो आणि छापण्यासाठी लहानही पडतो. निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली, कॅमेऱ्याची उंची. स्टेडियमच्या फोटोत जवळपास उभ्या असलेल्या प्रेक्षकांचे डोळे एका रेषेत दिसत असतील तर तो उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेला आहे. मग वडिलांचा फोटोही तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच काढा, आणि एडिटरला त्यांचे डोळे त्याच रेषेत ठेवायला सांगा. वरच्या स्टँडमधून खाली पाहत काढलेल्या फोटोत समोरून काढलेला माणूस हवेत तरंगतो. दुसरी, उजेड. रात्रीच्या सामन्यात दिव्यांचा उजेड चारी बाजूंनी आणि उंचावरून येतो, त्यामुळे सावल्या फिक्या असतात. असा फोटो निवडला असेल तर वडिलांना दुपारच्या उन्हात उभं करू नका. मोकळ्या गच्चीत सावलीच्या बाजूला उभं करा.

आता हिशेब. जर्सी चढवणं आणि मागचा भाग बदलणं 700, प्रिंट 150, काचेसह फ्रेम 650, एकूण 1,500 रुपये. स्टुडिओ जीएसटीचं बिल देत असेल तर कर वेगळा का, हे आधीच विचारा. यावर चढणारे छुपे पैसे असे : मोकळे केस नीट कापायचे वेगळे, दुसऱ्यांदा दुरुस्ती केली तर वेगळे, मोठी फाइल हवी तर वेगळे, "उद्याच हवं" म्हणालात तर वेगळे. काम देतानाच दोन दुरुस्त्या आणि पूर्ण आकाराची फाइल याच दरात, असं पावतीवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. आयपीएल ऐन रंगात असताना गर्दी असते, तेव्हा आठवडाभर आधी जा.

बरेच स्टुडिओ आता फोटो एआयच्या साधनात टाकून "जर्सी घाल" एवढंच सांगतात. तेव्हा काही साधनं फक्त कपडा बदलत नाहीत, चेहराही नव्याने काढतात. त्वचा गुळगुळीत होते, चष्म्याच्या काड्या बदलतात, गालावरचा तीळ जातो. आग्रह धरा की निवड फक्त टी-शर्टपुरती करावी आणि शेवटी मूळ फोटोतलं डोकं, मान आणि हात वरच्या थरात जसेच्या तसे ठेवावेत. स्वतः मोबाइल अॅपवर करायला जाल तर "तीन दिवस मोफत" ही पाटी सांभाळा. त्यासाठी ऑटोपेची परवानगी द्यावी लागते, आणि अॅप काढून टाकलं तरी वर्गणी कापली जात राहते. ती सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते. घरी संगणक असेल तर Photopea ब्राउझरमध्ये फुकट चालतं. थर लावायची सवय असेल तर एका संध्याकाळी काम होतं.

प्रिंटला देण्याआधी तपासणी फोनवरच करा. मूळ फोटोत चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजा, मग खांद्यांची. चेहरा दोन सेंटिमीटर आणि खांदे सहा असतील, तर नव्या फोटोतही खांदे चेहऱ्याच्या तिप्पटच हवेत. चार पट आले तर अंग बदललं आहे. अडीच पट आले तर कोणीतरी परस्पर बारीक केलं आहे. मग हनुवटीखाली पाहा. निळ्या जर्सीचा किंचित निळसर उजेड मानेवर पडायला हवा, तो नसेल तर डोकं चिकटवलेलं वाटतं. छातीवरची अक्षरं पोटाच्या गोलाईबरोबर किंचित वाकलेली हवीत. यातलं काही चुकलं असेल तर दुरुस्ती मागा, हे तुमच्या दरातच बसतं.

संघाचं बोधचिन्ह असलेला असा फोटो घरात लावायला अडचण येत नाही. पण तो कप किंवा टी-शर्टवर छापून विकायला गेलात तर संघाच्या हक्कांचा प्रश्न येतो. स्टुडिओने तो तुमच्या परवानगीशिवाय दुकानाच्या काचेत लावू नये, हेही सांगून ठेवा. आणि फाइल घेताना नुसता JPG घेऊ नका, थर असलेली PSD मागून घ्या. पुढच्या हंगामात जर्सी बदलली तर फक्त कपड्याचा थर बदलण्याचेच पैसे लागतील.