पासबुकातले 177 रुपये कशाचे?

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या पेन्शनच्या खात्यात सरासरी 15,000 रुपये शिल्लक असते. अडीच टक्के दराने त्यावर वर्षाला साधारण 375 रुपये व्याज मिळते. त्याच वर्षात बँकेने 424 रुपये 80 पैसे किरकोळ शुल्कापोटी कापले होते. व्याज मिळाले त्यापेक्षा शुल्क जास्त गेले, आणि काकांना याचा पत्ताच नव्हता.

अशा नोंदी ओळखण्याची खूण म्हणजे त्यांचा विचित्र आकडा. बँकेच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून 177 किंवा 17.70 असे आकडे दिसतात. त्यांना 1.18 ने भागले की मूळ शुल्क कळते: 177 चे 150 आणि 17.70 चे 15. स्टेट बँकेच्या साध्या क्लासिक कार्डाच्या बाबतीत पूर्वी 147.50 दिसायचे, कारण मूळ शुल्क 125 होते. 1 एप्रिल 2024 पासून ते 200 झाले आणि नोंद 236 ची झाली. मूळ आकडा मिळाला की तो आपल्या बँकेच्या दरपत्रकाशी ताडून बघायचा. दरपत्रक शाखेत मागता येते आणि बँकेच्या संकेतस्थळावरही असते.

काकांच्या पासबुकात ATM AMC अशी 177 ची नोंद वर्षातून दोनदा होती. AMC म्हणजे कार्डाचे वार्षिक शुल्क (प्रत्येक बँकेत शब्द थोडे वेगळे छापतात). पण दोनदा का? काकूंचे नाव खात्यात जोडले तेव्हा त्यांच्याही नावाचे कार्ड आले होते. ते अजून बंद लिफाफ्यात, कपाटात! वापर असो वा नसो, कार्ड चालू असेपर्यंत शुल्क लागते. कार्ड कात्रीने कापून टाकल्यानेही ते थांबत नाही. बँकेच्या नोंदीत ते बंद व्हावे लागते.

SMS CHRG अशी 17.70 ची नोंद दर तिमाहीला होती. इथे घाईने ‘संदेशच बंद करा’ असे लिहून देऊ नका. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर आपल्याला पहिली खबर त्या संदेशातूनच मिळते. त्रयस्थाने केलेली फसवणूक असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. 17 रुपये वाचवायला हे संरक्षण कमजोर करू नये. मागणी वेगळी करायची. रिझर्व्ह बँकेने 26 नोव्हेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना सांगितले आहे, की संदेशाचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावे. काकांना तिमाहीत सहा संदेश येतात: तीन पेन्शन जमा झाल्याचे, तीन पैसे काढल्याचे. एका संदेशाला 20 पैसे धरले तरी जीएसटीसह 1 रुपया 42 पैसे होतात.

आम्ही साधा अर्ज केला, हिंदीतच, कारण शाखेत तोच लवकर वाचला जातो. खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार अंक, नोंदींच्या तारखा आणि रकमा लिहिल्या. न वापरलेले कार्ड बंद करून या वर्षीचे शुल्क परत करावे आणि संदेशाचे शुल्क वापरानुसार घ्यावे, या दोन मागण्या. खाली दोघांच्या सह्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. काउंटरवर तोंडी बोलून आलात तर पुढे दाखवायला काहीच नसते.

कार्ड बंद झाले. परत मात्र 150 रुपयेच आले. शुल्क मागे घेतले की त्यावरचा जीएसटीही परत यायला हवा. हे 27 रुपये पुन्हा सांगितल्यावर जमा झाले. मागच्या वर्षांचे शुल्क मिळाले नाही, आणि त्यात बँकेची चूक म्हणता येणार नाही: कार्ड चालू होते, दर जाहीर होता. या वर्षीचे परत मिळाले ते अर्ज नोंदीनंतर लगेच केल्यामुळे. कार्ड बंद केल्यानंतर कापलेले शुल्क मात्र हक्काने मागावे.

संदेशाचे 17.70 एकदा परत आले, पण पुढच्या तिमाहीत पुन्हा कापले गेले. ठरावीक दर संगणकात भरलेला असतो आणि शाखेला तो बदलता येत नाही. म्हणून दुसरी तक्रार बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी केली आणि तिचा क्रमांक जपून ठेवला. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तिथे आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत लागते, म्हणून शिक्क्याचा कागद काकांनी पासबुकातच घालून ठेवला आहे.