पत्रलेखनाचा प्रश्न काढा, गुणांच्या वाटपासकट

नववी-दहावीची प्रश्नपत्रिका काढायची आहे आणि पत्रलेखनाचा प्रश्न अजून कोराच आहे? मग बसा, एक कोरा कागद घ्या आणि पेन्सिल हातात धरा. आपण ६ गुणांचा एक प्रश्न शून्यापासून तयार करू. स्वरूपाला २, आशयाला ३ आणि भाषेला १ गुण देऊ. उदाहरण म्हणून शाडू मातीच्या गणेशमूर्तीची कार्यशाळा घेऊ. एक अट मात्र आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करायच्या. गुणांची वाटणी आठव्या पायरीला येते, तिला आधी हात लावायचा नाही.

१. पत्राचा हेतू एका क्रियापदात लिहा. कागदाच्या डोक्यावर फक्त ‘नोंदणीची विनंती करणे’ एवढेच लिहा.
सांभाळा: ‘विनंती करून आभार माना आणि सूचनाही करा’ असे तीन हेतू एकत्र आले, की मुले प्रत्येकाला एकेक ओळ देतात आणि पत्राला धड एकही हेतू राहत नाही.

२. कोण कोणाला लिहितो आहे, ते ठरवा. आपल्याकडे वर्गाचा विद्यार्थी प्रतिनिधी कलादालनाच्या व्यवस्थापकांना लिहितो आहे.
सांभाळा: लिहिणाऱ्याचे नाव ‘अ. ब. क.’ असे प्रश्नातच द्या. नाही दिले तर मुले स्वतःचे नाव आणि शाळा लिहून मोकळी होतात आणि उत्तरपत्रिका कोणाची आहे ते तपासणाऱ्याला कळते.

३. निवेदन तयार करा. चौकटीत मावेल एवढेच, सहा-सात तुकड्यांचे. आपले निवेदन असे:

शाडू मातीची मूर्ती स्वतः घडवा!
एक दिवसाची कार्यशाळा : २२ ऑगस्ट, सकाळी १० ते १
स्थळ : कलादालन, बाजारपेठ
शुल्क : प्रत्येकी ५० रुपये (माती व साहित्य तिथेच मिळेल)
नोंदणीची मुदत : १४ ऑगस्ट
संपर्क : व्यवस्थापक, ई-मेल abc@example.com

सांभाळा: खऱ्या दुकानाचे किंवा संस्थेचे नाव आणि चालू दूरध्वनी क्रमांक घालू नका. सगळे काल्पनिकच ठेवा.

४. निवेदनात एक जागा मुद्दाम रिकामी सोडा. ही पायरी घाईत उरकू नका, कारण चांगला प्रश्न इथेच घडतो. आपल्या निवेदनात सगळे आहे, पण ओल्या मूर्तीचे काय, ते सांगितलेले नाही. शाडूची मूर्ती हाताळण्याजोगी सुकायला वेळ लागतो. ती त्याच दिवशी ओली घरी न्यायची की सुकेपर्यंत कलादालनात ठेवता येईल? विचार करणारे मूल हे विचारेल. वर्गातल्या वीस जणांनी एकत्र जायचे म्हणजे शुल्क एकदम भरायचे की वेगवेगळे, असेही कोणी विचारेल. निवेदनात सगळीच उत्तरे भरून ठेवली, तर मुलाला उतरवून काढण्यापलीकडे काम उरत नाही आणि आशयाचे ३ गुण कशासाठी द्यायचे, ते तुम्हालाच सापडत नाही.
सांभाळा: रिकामी जागा पत्राच्या हेतूच्या आड येऊ देऊ नका. नोंदणीची मुदतच गाळली, तर मूल अडून बसेल.

५. प्रश्नाचे वाक्य लिहा. ‘विद्यार्थी प्रतिनिधी अ. ब. क. या नात्याने तुमच्या वर्गातील २० विद्यार्थ्यांची नोंदणी करून घेण्याची विनंती करणारे पत्र व्यवस्थापकांना लिहा. निवेदनात न सांगितलेली, पण तुम्हाला हवी असलेली एक माहितीही विचारा.’
सांभाळा: दुसरे वाक्य गाळू नका. जे प्रश्नात मागितले नाही, त्याचा गुण उत्तरातून कापता येत नाही.

६. त्याच निवेदनावर पर्यायी प्रश्न लिहा. ‘या कार्यशाळेला तुमच्यासोबत येण्याचा आग्रह करणारे पत्र दुसऱ्या गावी राहणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला लिहा आणि राहण्या-जेवणाची काय सोय कराल, तेही कळवा.’
सांभाळा: दोन्ही पर्यायांत मुलाने स्वतः घालायची भर सारखीच असू द्या. एकात ती लागते आणि दुसऱ्यात लागत नाही असे झाले, तर अर्धा वर्ग सोप्या बाजूला पळतो.

७. आता पहिल्या पर्यायाचे उत्तर तुम्ही स्वतः लिहा. घड्याळ लावा आणि नववीतल्या मुलाच्या भाषेत लिहा:

दिनांक : ५ ऑगस्ट
प्रति,
मा. व्यवस्थापक,
कलादालन, बाजारपेठ.
विषय : मूर्तिकला कार्यशाळेसाठी २० विद्यार्थ्यांची नोंदणी करण्याबाबत.
महोदय,
मी अ. ब. क., इयत्ता नववीच्या वर्गाचा विद्यार्थी प्रतिनिधी. २२ ऑगस्टच्या कार्यशाळेचे आपले निवेदन आम्ही वाचले. आमच्या वर्गातील २० विद्यार्थ्यांना त्यात भाग घ्यायचा आहे. कृपया आमची नोंदणी करून घ्यावी. प्रत्येकी ५० रुपयांप्रमाणे १००० रुपये शुल्क आम्ही १४ ऑगस्टपूर्वी जमा करू.
यंदा शाळेत आम्ही स्वतः घडवलेली मूर्ती बसवणार आहोत. ओल्या मूर्ती आम्हाला त्याच दिवशी न्याव्या लागतील की सुकेपर्यंत आपल्याकडे ठेवता येतील, हे कृपया कळवावे.
आपला विश्वासू,
अ. ब. क.
(विद्यार्थी प्रतिनिधी)
शाळेचा पत्ता व ई-मेल

सांभाळा: तुम्हालाच दहा मिनिटांहून अधिक लागली, तर प्रश्न जड झाला आहे. निवेदनातले दोन तुकडे उडवा आणि पुन्हा लिहून पाहा.

८. स्वरूपाचे २ गुण अर्ध्या-अर्ध्या गुणात पाडा. दिनांक, ‘प्रति’ आणि पत्ता मिळून अर्धा. विषयाला अर्धा. संबोधनाला अर्धा. समारोप, नाव आणि लिहिणाऱ्याचा पत्ता मिळून अर्धा.
सांभाळा: ‘आपला विश्वासू’ आणि ‘आपली विश्वासू’ दोन्ही बरोबर धरा. दिनांक डावीकडे की उजवीकडे, यावर गुण कापायचा असेल, तर तुमच्या पाठ्यपुस्तकातला नमुना वर्गात आधी दाखवलेला असला पाहिजे.

९. पर्यायी पत्राच्या स्वरूपाची वेगळी वाटणी लिहा. मित्राच्या पत्राला ‘विषय’ नसतो, त्यामुळे तो अर्धा गुण तिथे मोकळा पडतो. तो ‘सप्रेम नमस्कार’ किंवा तसल्या अभिवादनाला द्या.
सांभाळा: ही पायरी विसरली, की मित्राला लिहिणारी सगळी मुले अर्ध्या गुणाने मागे पडतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

१०. आशयाचे ३ गुण तीन कामांना वाटा. विनंती आणि २० ही संख्या स्पष्ट असेल, तर १. शुल्क आणि मुदत स्वतःच्या कामासाठी वापरली असेल, तर १. न सांगितलेली माहिती विचारली असेल, तर १. ‘वापरली’ याचा अर्थ इथेच ठरवून टाका. ‘आम्ही १४ ऑगस्टपूर्वी १००० रुपये भरू’ हा वापर झाला. ‘शुल्क प्रत्येकी ५० रुपये असून मुदत १४ ऑगस्ट आहे’ ही नक्कल झाली, तिला अर्धाच गुण द्या. व्यवस्थापकांचेच निवेदन व्यवस्थापकांना परत वाचून दाखवण्यात पत्राचे काम होत नाही.
सांभाळा: मूर्ती सुकवण्याचाच प्रश्न हवा, असा हट्ट धरू नका. शुल्क कसे भरायचे, सोबत शिक्षक आले तर चालेल का, असे काहीही खरोखर उपयोगाचे असेल, तर पूर्ण गुण द्या.

११. भाषेचा १ गुण दोन भागांत लिहा. अर्धा गुण नात्याला शोभेल अशा भाषेला, म्हणजे व्यवस्थापकांना ‘आपण, कृपया, करावी’ आणि मित्राला ‘तू, ये, नक्की’. अर्धा गुण शुद्धलेखनाला.
सांभाळा: ‘विद्यार्थी’ हा शब्द चार ठिकाणी ऱ्हस्व लिहिला, तर ती एकच चूक मोजा. भाषेचा गुण फक्त मुलाच्या स्वतःच्या वाक्यांवर द्या. निवेदनातून उतरवलेली ओळ शुद्ध असणारच.

१२. एक चूक एकाच रकान्यात कापली जाईल, असा नियम लिहून ठेवा. विषय लिहिला नाही, तर तो स्वरूपातून कापा आणि ‘हेतू कळत नाही’ म्हणून आशयातून पुन्हा कापू नका. व्यवस्थापकांना ‘तू’ म्हटले, तर ते भाषेत कापा, संबोधनात नको.

१३. एका कच्च्या उत्तराला गुण देऊन पाहा. समजा, एका मुलाने विषय लिहिलाच नाही. संपूर्ण निवेदन सुंदर अक्षरात उतरवले, ‘कृपया आमची नोंदणी करून घ्यावी’ असे स्वतःचे एक वाक्य घातले, पण संख्या दिली नाही आणि काहीही विचारले नाही. स्वरूपाचे दीड. आशयात विनंतीचा अर्धा, नकलेचा अर्धा आणि प्रश्नाचा शून्य, म्हणून एक. भाषेचा एक. एकूण साडेतीन. असे पत्र नुसत्या नजरेने तपासले, तर भरलेले पान पाहून हात सहज पाचाकडे जातो.
सांभाळा: तुमचे उत्तर साडेतीनहून फार वेगळे आले, तर दहाव्या पायरीवर परत जा. बहुतेक वेळा ‘वापर’ आणि ‘नक्कल’ यांत गल्लत झालेली असते.

१४. तेच उत्तर शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना द्या आणि त्यांच्याकडून गुण मागा. तुमचे गुण आधी सांगू नका.
सांभाळा: अर्ध्या गुणाचा फरक चालेल. एका गुणाचा फरक पडला, तर कोणत्या रकान्यात पडला ते शोधा आणि त्या रकान्याचे वाक्य पुन्हा लिहा.

१५. प्रश्नाच्या शेवटी उजवीकडे ‘(स्वरूप २, आशय ३, भाषा १)’ असे छापा.
सांभाळा: आशयाची आतली वाटणी छापू नका. ती फक्त तपासणाऱ्याच्या कागदावर राहील.

१६. तपासताना प्रत्येक पत्राखाली तीन आकडे वेगवेगळे लिहा आणि मग बेरीज करा. नुसते ‘साडेतीन’ लिहून पेपर परत दिलात, तर मुलाला काय सुधारायचे ते कळत नाही. ‘दीड, एक, एक’ पाहिले, की पुढच्या वेळी विषय लिहायचा आणि काहीतरी विचारायचे, हे त्याला तुम्हाला न विचारताच समजते. म्हणून घाई असली, तरी हे तीन आकडे गाळू नका.